किलोभर डाळीत माणसं किती?

चाकणजवळच्या खराबवाडी-महाळुंगे भागात खोल्या करून राहणारी बरीच कंत्राटी मुलं महिनेवारी मेसवर जेवतात. त्यांच्याशी आहाराविषयी बोलताना एक उत्तर हमखास येतं: वरण आणि भात एकत्र खाल्ला की पूर्ण प्रथिन मिळतं, मग काळजी कसली? हे उत्तर आता शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडीही आहे. त्यातला बराच भाग खरा आहे, म्हणूनच चुकीचा भाग नजरेआड होतो.

आधी खरं काय ते मान्य करू. प्रथिन अमिनो आम्लांचं बनतं आणि त्यांतली नऊ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदळात लायसिन कमी, तर डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिनसारखी गंधकयुक्त आम्लं जेमतेम, तर तांदळात पुरेशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे मोठ्या माणसाच्या अन्नातल्या दर ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसिन लागतं. तांदळात ते सुमारे ३७ भरतं, तुरीच्या डाळीत सुमारे ६८. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो ‘एकत्र खाल्ला की’ या शब्दांशी. एकाच ताटात हे दोन्ही हवंच, ही कल्पना फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१ सालच्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकातून जगभर पसरली. दहा वर्षांनी निघालेल्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती मागे घेतली. शरीरात मोकळ्या अमिनो आम्लांचा साठा असतो आणि आतड्यातली स्वतःची प्रथिनंही पचून त्यात भर घालत राहतात. त्यामुळे सकाळच्या पोह्यांची उणीव संध्याकाळच्या उसळीने भरून निघते. दिवसाचा हिशेब जुळला म्हणजे झालं.

खरी गफलत मात्र पुढे आहे. ‘पूर्ण’ हा शब्द प्रमाणाचा आहे, भरपूरपणाचा नाही. मेसचं एक जेवण मांडून पाहू. १२० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात आणि पातळ आमटी, ज्यात माणशी १५ ग्रॅम तूरडाळ. तांदळाचं प्रथिन साडेनऊ ग्रॅम, डाळीचं सव्वातीन. दोन्हींचं लायसिन मिळून दर ग्रॅमला ४५ मिलिग्रॅम येतं, म्हणजे कागदावर हे जेवण पूर्ण ठरलं. पण प्रथिन एकूण तेरा ग्रॅमही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतं. अशी दोन जेवणं केली तरी निम्मंही भरत नाही. डाळ ४० ग्रॅम केली, तर त्याच भाताबरोबर अठरा ग्रॅम मिळतं.

आणि आपल्याकडची मुलं भातापेक्षा पोळीवर जास्त जेवतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांचं तर पोळी-भाकरीशिवाय चालत नाही. गव्हात लायसिन तांदळाहून कमी, २७ च्या आसपास. ज्वारीत त्याहूनही कमी. चार मोठ्या पोळ्यांना १२० ग्रॅम कणीक धरली आणि सोबत तीच पातळ आमटी, तर लायसिन दर ग्रॅमला ३५ वर घसरतं. तिथे डाळ ४० ग्रॅम करावी लागते, तेव्हा कुठे ते ४४ पर्यंत पोचतं. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, असं हे प्रमाण. पोषण संस्थाही तेच सांगते. ताटात डाळीची गरज भातापेक्षा पोळीला जास्त असते आणि नेमकं पोळीबरोबरच आपण आमटी पातळ करतो, हे मला फार खटकतं.

शेंगदाण्याच्या चटणीने हे भागेल असं काहींना वाटतं. तिने प्रथिन वाढतं, पण शेंगदाण्यातलं लायसिनही तांदळाइतकंच तोकडं आहे. दही किंवा अंडं मात्र कमी मात्रेतही लायसिनची बाजू सावरतं. शिवाय हे सगळे आकडे अन्नात किती आहे याचे. अंगी किती लागतं याचे नव्हेत. डाळीचं प्रथिन दुधा-अंड्याइतकं पचत नाही, म्हणून काठावरचा हिशेब प्रत्यक्षात तुटीचाच धरावा. डाळ भिजवून, नीट गळेपर्यंत शिजवली तर पचन सुधारतं.

आमटी पातळ आहे की नाही हे पाहायला वाटी पाच मिनिटं हलवू नये. वर पाणी आणि तळाला बोटभर गाळ राहिला, तर ओळखावं. त्याहून सोपी खूण म्हणजे मेसवाल्या मावशींना विचारणं: किलोभर डाळीत एका वेळेला किती माणसं जेवतात? पंचवीस म्हणाल्या तर माणशी चाळीस ग्रॅम. पासष्ट म्हणाल्या तर पंधरा.