निकटतम अंतर (धनभारांच्या समोरासमोरच्या टकरीतील)

स्थिर धन विद्युतभारावर दुसरा धनभारित कण थेट रोखून सोडला, तर जवळ जाता जाता तो मंदावतो, क्षणभर थांबतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. थांबण्याच्या क्षणी दोन भारांमध्ये जे अंतर उरते, ते निकटतम अंतर. अणुकेंद्राच्या आकाराचा पहिला अंदाज याच अंतरावरून बांधला गेला.

हे अंतर बलाच्या सूत्रावरून काढायला गेले की गणित अडते. प्रतिकर्षण बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे कणाचे मंदन वाटेत कुठेच सारखे नसते आणि शाळेत पाठ केलेले v² = u² + 2as येथे चालत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक अनेकदा दिसते. ऊर्जेच्या हिशेबाला मात्र मधल्या वाटेशी कर्तव्य नसते, दोन टोके पुरतात. कण खूप दूर असताना त्याच्याकडे फक्त गतिज ऊर्जा K असते. थांबतो त्या क्षणी ती शून्य होते आणि सगळी ऊर्जा दोन भारांच्या स्थितिज ऊर्जेत गेलेली असते. म्हणून

K = q₁q₂ / (4πε₀d), अर्थात d = q₁q₂ / (4πε₀K)

छेदात d चा वर्ग नाही, कारण ही ऊर्जा आहे, बल नव्हे. ऊर्जा दुप्पट केली की अंतर निम्मे होते. वेग दुप्पट केला तर पाव होते. अणुकेंद्रांसाठी सूत्राचे सुटसुटीत रूप d = १.४४ Z₁Z₂ / K असे आहे. त्यात Z₁ आणि Z₂ हे अणुक्रमांक, K दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (एमईव्ही) आणि d फेम्टोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या १०⁻¹⁵ पटीत, येते.

गायगर आणि मार्सडेन यांना १९०९ मध्ये मँचेस्टर येथे धातूच्या पातळ पत्र्यांवरून काही अल्फा कण मागे उसळताना दिसले. सोन्याच्या वर्खाचा प्रयोग म्हणून तो प्रसिद्ध आहे. पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारा ७.७ एमईव्हीचा अल्फा कण सोन्याच्या केंद्राकडे सोडला, तर Z₁ = २, Z₂ = ७९; १.४४ × १५८ म्हणजे २२७.५, त्याला ७.७ ने भागले की २९.५ फेम्टोमीटर. निघताना या कणाचा वेग सेकंदाला सुमारे १९,३०० किलोमीटर असतो. तो थांबतो तेव्हा त्याच्यावर बल नसते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बल तेथेच सर्वाधिक असते: K/d या भागाकारातून ते सुमारे ४२ न्यूटन येते. सव्वाचार किलो तांदळाची पिशवी हातात धरताना जेवढा भार जाणवतो, तेवढे बल एका अल्फा कणावर! वेग शून्य आणि बल कमाल, म्हणूनच तो तेथे रेंगाळत नाही.

रदरफोर्ड यांनी १९११ च्या निबंधात असाच हिशेब केला. सोन्याच्या केंद्रावरील भार तेव्हा नेमका माहीत नव्हता. त्यांनी तो इलेक्ट्रॉनच्या भाराच्या शंभरपट धरला आणि अंतर सुमारे ३४ फेम्टोमीटर काढले. अणूच्या आकाराच्या मानाने हे काही हजारपट लहान आहे. अणूचा धनभार एवढ्या छोट्या जागेत सामावलेला असला पाहिजे, हा निष्कर्ष येथून निघाला. मात्र हे अंतर म्हणजे केंद्राची त्रिज्या नव्हे. ते फक्त त्रिज्येची कमाल मर्यादा आहे. सोन्याच्या केंद्राची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर आहे, आणि ७.७ एमईव्हीचा कण तिच्या जवळपासही पोचत नाही.

‘स्थिर भार’ हे गृहीतक कितपत खरे, तेही पाहावे लागते. सोन्याचे केंद्र हवेत टांगलेले नसले तरी खिळलेलेही नसते; धक्क्याने तेही सरकते. दोघे सर्वांत जवळ असताना कण थांबलेला नसतो, दोन्ही एकाच वेगाने पुढे जात असतात, आणि तेवढी गतिज ऊर्जा वापरात येत नाही. म्हणून K ला लक्ष्याचे वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान या गुणोत्तराने गुणतात. सोन्यासाठी ते १९७/२०१ आहे, अंतर ३०.२ होते, दोन टक्क्यांचा फरक. ॲल्युमिनियमसाठी मात्र ते २७/३१ आहे. दुरुस्तीविना अंतर ४.९ येते, दुरुस्तीनंतर ५.६ फेम्टोमीटर. अल्फा कण आणि ॲल्युमिनियमचे केंद्र यांच्या त्रिज्यांची बेरीजही साधारण साडेपाचच आहे. म्हणजे येथे कण केंद्राच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो, आणि फक्त विद्युत प्रतिकर्षणावर उभे असलेले सूत्र डळमळते.

हे डळमळणेच उपयोगाचे ठरले. ऊर्जा वाढवत नेली आणि विखुरलेल्या कणांची संख्या रदरफोर्डच्या सूत्राप्रमाणे येईनाशी झाली, की केंद्रीय बल कामाला लागले असे समजते. फार्वेल आणि वेगनर यांनी १९५४ मध्ये जड केंद्रांवर अल्फा कण सोडून ६० अंशांत विखुरलेले कण मोजले. शिशाच्या बाबतीत सुमारे २७ एमईव्हीनंतर ही संख्या एकदम घसरली: जवळ गेलेले कण परत येण्याऐवजी केंद्रात शोषले जाऊ लागले होते. ६० अंशांत वळणारा कण थेट रोखाने गेलेला नसतो, त्याचे निकटतम अंतर समोरासमोरच्या अंतराच्या दीडपट असते. म्हणून घसरण सुरू होण्याचे अंतर सुमारे १३ फेम्टोमीटर.

याच सीमेवरचे प्रयोग मुंबईत कुलाब्याला होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जोडीने उभारलेला पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीपासून चालतो. त्याच्या मध्यभागी १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत धन विभव ठेवता येते. वरून ऋण आयन तेथे ओढले जातात. तेथे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, ते धन होतात, आणि तेच विभव त्यांना खाली लोटते. एकाच विभवाचा असा दोनदा फायदा मिळतो. समजा ऑक्सिजनचे सात इलेक्ट्रॉन झडले आणि विभव १० दशलक्ष व्होल्ट आहे. तर एक अधिक सात, म्हणजे आठपट, ८० एमईव्ही ऊर्जा मिळते. हा आयन शिसे-२०८ वर सोडला, तर २०८/२२४ ची दुरुस्ती धरून निकटतम अंतर १२.७ फेम्टोमीटर येते. विभव ११ दशलक्ष केले की ते ११.६ होते. केंद्रीय आकर्षण साधारण साडेबाराच्या आसपास वरचढ होते, त्यामुळे पहिल्या स्थितीत बहुतेक आयन विखुरतात, दुसऱ्या स्थितीत मोठा वाटा शिशाच्या केंद्रात विलीन होतो. पहिल्या स्थितीतही काही विलीन होतातच. हिशेबाने कण जेथून परत फिरायला हवा, त्या भिंतीतून पुंजयामिकीप्रमाणे तो थोडासा पाझरतो. ऊर्जेचा साधा ताळेबंद येथे संपतो.

अशा प्रयोगांत लक्ष्यासमोर, पुढच्या दिशेला लहान कोनांवर, एक-दोन शोधक ठेवलेले असतात. लहान कोनात वळलेला आयन केंद्रापासून दूरवरूनच गेलेला असतो, त्यामुळे तेथे रदरफोर्डचे सूत्र हमखास लागू पडते. त्या शोधकांतील नोंदींवरून किती आयन आले आणि लक्ष्य किती जाड आहे, यांचा गुणाकार थेट मिळतो, आणि विलीनीकरणाची मोजणी त्यालाच ताडून घेतली जाते.