सोळा आठवड्यांचा हिशेब

6 जानेवारी 2025 रोजी मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या शोरूमपुढे शेकडो माणसे जमली. आठवड्याचा परतावा थांबला होता, दार उघडत नव्हते आणि आत उत्तर द्यायला कोणी नव्हते. भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत, पुष्कळशी आपल्यासारखीच मराठी माणसे त्या गर्दीत होती. पीपलरावांत बसून आम्ही ती दृश्ये पाहिली तेव्हा आमच्या घरातले कोणी काही बोलले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हे शोरूम फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाले आणि वर्षभराच्या आत बंद पडले. मोझॅनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा, कारखान्यात तयार होणारा खडा असतो. तो विकत घ्या आणि दर आठवड्याला रकमेवर टक्केवारीने पैसे मिळवा, अशी ती योजना होती. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे दर होते. खडा विकून दुकानदाराला एकदाच नफा होतो. मग गिऱ्हाईकाला दर आठवड्याला द्यायचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, कारण पैसे येत होते.

ही युक्ती जुनी आहे. 1920 साली अमेरिकेत बोस्टन शहरी चार्ल्स पोंझी नावाच्या इटालियन गृहस्थाने 45 दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे सांगून लोकांकडून पैसे घेतले. परदेशी टपाल खात्याची उत्तर-कूपने इटलीत स्वस्त मिळतात, ती अमेरिकेत तिकिटांत बदलून आपण नफा काढतो, असे तो सांगे. कूपने खरी होती, दरातला फरकही खरा होता. पण क्लॅरेन्स बॅरन या अर्थ-पत्रकाराने साधा गुणाकार केला. पोंझीने घेतलेल्या पैशांना पुरतील अशी सोळा कोटी कूपने लागली असती, आणि जगात फिरत होती सुमारे 27 हजार. हे छापून आल्यावर लोक पैसे मागायला धावले. पोंझीने कित्येक दिवस ते चुकतेही केले, त्यामुळे उलट विश्वास वाढला. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. पैसे परत मिळणे म्हणजे धंदा खरा असणे नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आता आपण स्वतः वही उघडू. समजा दर आठवड्याला सहा टक्के, बावन्न आठवडे, अशी योजना आहे. शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख दिले. तिजोरीत एक कोटी आले. धंदा काहीच नाही. दर आठवड्याला सहा लाख वाटायचे आहेत. सोळा आठवड्यांत 96 लाख जातात आणि सतराव्या आठवड्याला चार लाखच उरतात. म्हणजे एकही नवा माणूस आला नाही तरी सोळा आठवडे, जवळजवळ चार महिने, योजना अगदी वेळेवर चालते! त्या चार महिन्यांत प्रत्येकाला त्याचेच पैसे परत मिळत असतात आणि प्रत्येक जण त्यांना नफा म्हणत असतो.

पण वचन बावन्न आठवड्यांचे आहे, म्हणजे एका लाखाचे तीन लाख बारा हजार. शंभर जणांचे देणे भागवायला पुढच्या फळीत 312 जण हवेत. त्या 312 जणांचे देणे भागवायला 973, त्यांच्यासाठी तीन हजारांवर. असे गुणत गेलो की नवव्या वेळी 28 लाख माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या सबंध देवास जिल्ह्याची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. पंधराव्या वेळी भारताची लोकसंख्या कमी पडते.

प्रत्यक्षात इतकी वाट पाहावी लागत नाही. योजना बुडायला नवी माणसे यायची थांबावी लागत नाहीत, त्यांच्या येण्याचा वेग मंदावला तरी पुरे. म्हणून चालवणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, जुन्या लोकांनी पैसे काढून न घेता तिथेच पुन्हा गुंतवावेत. सहा टक्के आठवड्याने एक लाखाचे वर्षअखेरीस कागदावर वीस लाखांहून जास्त होतात. तो आकडा पाहून माणूस खूष राहतो आणि तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. दुसरी, दर वाढवणे. टोरेसमध्ये शेवटच्या दिवसांत दर अकरा टक्क्यांपर्यंत नेल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आपल्या वहीत अकरा टक्के घालून पाहा. तोच एक कोटी सोळा आठवड्यांऐवजी नऊच आठवडे पुरतो. ज्याचा धंदा खरा आहे तो पैसे कमी पडले की दर उतरवतो. ज्याला उद्याचा हप्ता आज येणाऱ्या माणसाकडून द्यायचा आहे तो दर चढवतो. म्हणून दर अचानक वाढला की आनंद मानू नये, ती शेवटची घंटा समजावी.

आता आमची गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी, सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवसांत, ओळखीचा एक एजंट घरी येऊ लागला. महिन्याला दहा टक्के. आम्ही 25 हजार भरले. सहा महिने अडीच हजार वेळेवर आले. सातव्या महिन्यात मावशीला आम्हीच सांगितले, ‘अहो मावशी, आम्हाला मिळतायत ना!’ तिने काकांच्या निवृत्तीच्या पैशांतले एक लाख भरले. तिला एकच हप्ता मिळाला आणि एजंटाचे घर बंद झाले.

आम्ही सरकारी नोकर, दिवसभर रजिस्टरांत जमा-खर्च लिहिणारे. तरी हा हिशेब आम्ही नंतर केला. आमचे 25 हजारांपैकी 15 हजार परत आले, म्हणजे नफा तर नव्हताच, मुद्दलही पुरते आले नाही. आणि सातव्या महिन्याचा जो एक हप्ता आम्हाला मिळाला असता, तो मावशीच्या लाखातूनच आला असता. अमेरिकेत मॅडॉफचा घोटाळा 2008 मध्ये उघडकीला आला, तेव्हा ज्यांनी भरल्यापेक्षा जास्त काढले होते त्यांच्याकडून न्यायालयामार्फत वरचे पैसे परत घेऊन बुडालेल्यांना वाटले गेले. तिथल्या कायद्याने जे म्हटले ते आम्हाला मावशीसमोर बसल्यावर कळले होते. आम्ही तिचे पैसे हप्त्या-हप्त्याने फेडले, पण तिने आमच्यावर ठेवलेला विश्वास आम्ही कसा वापरला ते फिटले नाही.

2019 च्या कायद्याने नियामकाकडे नोंद नसलेल्या ठेव योजना चालवणे, इतकेच नव्हे तर त्यांची जाहिरात करणे हाही गुन्हा ठरवला आहे. कोणी ठेव मागायला आला तर रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या ठिकाणी संस्थेचे नाव शोधता येते आणि तक्रारही करता येते. पण त्याआधी घरातल्या घरात दोन प्रश्न विचारावेत. हे पैसे नेमके कशातून मिळतात? आणि उद्यापासून एकही नवा माणूस आला नाही, तर माझा हप्ता किती आठवडे चालेल? दुसऱ्या प्रश्नाला भागाकार पुरतो.

मावशी आता नाही. गणपतीच्या दिवसांत तिच्याकडे उकडीचे मोदक असत, आणि त्या वर्षीही तिने आम्हाला जेवायला बोलावले होते. पैशांचा विषय तिने काढला नाही. म्हणून दादरची गर्दी पाहताना आम्ही गप्प होतो. त्या गर्दीत कोणाच्या तरी मावशीला कोणीतरी ‘आम्हाला मिळतायत ना’ असे सांगितले असणार.