वाय-फायचा विसरलेला पासवर्ड : अँड्रॉइड फोनवर तो कसा पाहावा, कसा जपावा

घरात वाय-फायची जोडणी होते त्या दिवशी पासवर्ड एकदाच टाकला जातो. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ तो घरच्यांच्या फोनमध्ये भरून देतो आणि निघून जातो. त्यानंतर फोन आपोआप जोडला जात असल्यामुळे वर्षानुवर्षे त्या पासवर्डाची कोणाला आठवणही होत नाही. अडचण उभी राहते ती मुलांचा नवा लॅपटॉप, टीव्ही किंवा प्रिंटर घरात आल्यावर. राउटरच्या पाठीवरील चिठ्ठी तोवर पुसट झालेली असते, आणि मूळचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर ती चिठ्ठी शाबूत असूनही निरुपयोगी ठरते.

अशा वेळी राउटर मूळ स्थितीवर आणण्याची, म्हणजे रीसेट करण्याची घाई करू नये. रीसेट केल्याने इंटरनेट पुरवठादाराने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते आणि सगळे घरच इंटरनेटविना राहू शकते. पासवर्ड हवा असेल तर तो आधीपासून जोडलेल्या फोनमध्येच साठवलेला असतो. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून तो क्यूआर कोडच्या रूपाने दुसऱ्यास देण्याची सोय फोनच्या सेटिंग्जमध्येच आहे. तीच वाट वापरून तो डोळ्यांनी वाचताही येतो.

पासवर्डापर्यंतची वाट

प्रथम आपला फोन त्याच वाय-फायला जोडलेला आहे आणि त्यावर इंटरनेट चालू आहे, याची खात्री करावी. याचे कारण पुढे येईल. त्यानंतर मूळ अँड्रॉइड असलेल्या फोनमध्ये, उदाहरणार्थ गूगलच्या पिक्सेलमध्ये, Settings उघडून Network & internet आणि त्यातील Internet येथे जावे. जोडलेल्या नेटवर्कच्या नावासमोर दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. त्यावर बोट ठेवल्यास नेटवर्कची माहिती उघडते आणि तेथे Share हा पर्याय मिळतो. तो निवडताच फोन बोटाचा ठसा, पिन किंवा पॅटर्न मागतो. ओळख पटल्यावर पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो आणि त्याच्या खाली साध्या अक्षरांत पासवर्ड लिहिलेला असतो. या फोनांवर काम येथेच संपते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. Share च्या शेजारीच Forget हा पर्याय असतो. चुकून त्यावर बोट पडले तर फोन साठवलेला पासवर्ड पुसून टाकतो. घरातील एकाच फोनमध्ये तो शिल्लक असेल, तर ही चूक महागात पडते.

कंपनीनुसार या वाटेत थोडा फरक पडतो. सॅमसंगच्या फोनमध्ये Settings, Connections, Wi-Fi या क्रमाने जाऊन नेटवर्कसमोरील दातेरी चाक दाबल्यावर QR code असा पर्याय दिसतो. शाओमी आणि रेडमीच्या फोनमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावाखाली Tap to share password असे लिहिलेले असते आणि त्या नावावर बोट ठेवताच कोड उघडतो. या कंपन्यांच्या अनेक फोनांवर कोड दिसतो, पण त्याखाली पासवर्डाची अक्षरे दिसत नाहीत. तेथे आणखी एक पायरी चढावी लागते.

कोड वाचून काढणे

दुसरा फोन हाताशी असेल तर त्याच्या कॅमेऱ्याने कोड टिपणे सर्वांत सोपे. तो फोन नेटवर्कला जोडला जातो आणि पासवर्ड वाचण्याची गरजच उरत नाही. पण लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर पासवर्ड अक्षरांनीच भरायचा असेल, तर कोडमधील मजकूर बाहेर काढावा लागतो. त्यासाठी कोड पडद्यावर असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि ते चित्र गूगल लेन्समध्ये उघडावे. फोन स्क्रीनशॉट घेऊ देत नसेल, तर दुसऱ्या फोनने त्या पडद्याचे छायाचित्र काढावे. लेन्स त्यातील नेटवर्कचे नाव ओळखते आणि पासवर्डाची नक्कल करून घेण्याची सोय देते. ती नक्कल टिपणवहीच्या अॅपमध्ये उतरवली की अक्षरे समोर येतात.

या कामासाठी अनोळखी संकेतस्थळावर कोडचे चित्र चढवू नये. तसे केल्यास घराचा पासवर्ड आपण स्वतःच एका परक्या संगणकाकडे पाठवलेला असतो.

कोडच्या पोटात काय असते?

क्यूआर कोड पाहून अनेकांची अशी समजूत होते की त्यात पासवर्ड कुलूपबंद असतो. वस्तुस्थिती तशी नाही. हा कोड म्हणजे साध्या मजकुराचे चित्र असते आणि कोणताही कॅमेरा ते वाचू शकतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घरच्या नेटवर्कचे नाव Angan आणि पासवर्ड Mogra;2741 असा आहे. त्याच्या कोडमध्ये पुढील ओळ असते.

```
WIFI:S:Angan;T:WPA;P:Mogra\;2741;H:false;;
```

येथे S च्या पुढे नेटवर्कचे नाव, T च्या पुढे सुरक्षेचा प्रकार आणि P च्या पुढे पासवर्ड आहे. H हे अक्षर नेटवर्क लपवलेले आहे की नाही, ते सांगते. या भागांचा क्रम प्रत्येक फोनमध्ये सारखाच असेल असे नाही. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, कारण एक नेहमीची चूक त्यातूनच घडते.

वरील पासवर्डात अर्धविराम हेही एक अक्षर आहे. भाग तेथेच संपला असे वाचणाऱ्या यंत्रास वाटू नये, म्हणून फोन त्याच्या आधी एक उलटी तिरपी रेघ घालतो. स्वल्पविराम, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह आणि स्वतः उलटी तिरपी रेघ यांनाही हाच नियम लागू आहे. लेन्ससारखी साधने ही रेघ काढून पासवर्ड दाखवतात. पण एखादे साधे क्यूआर वाचणारे अॅप संपूर्ण ओळ जशीच्या तशी दाखवते. तेथून Mogra\;2741 असे उतरवून घेतले तर लॅपटॉप पासवर्ड चुकल्याचे सांगत राहतो आणि फोनमध्येच काही बिघाड असावा असा आपला ग्रह होतो. खरा पासवर्ड रेघ वगळून उरतो तो, म्हणजे Mogra;2741 एवढाच.

दुसरी चूक डोळ्यांची असते. इंग्रजी लहान l, मोठा I आणि आकडा 1, तसेच O आणि शून्य हे अनेक पडद्यांवर सारखेच दिसतात. लहान आणि मोठी अक्षरेही पासवर्डात वेगवेगळी धरली जातात. घरगुती नेटवर्कचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असतो. उतरवून घेतलेली अक्षरे त्याहून कमी भरली, तर काहीतरी सुटले आहे हे निश्चित समजावे.

जुना पासवर्ड, खरा कोड

Share मधून मिळतो तो फोनने साठवून ठेवलेला पासवर्ड. राउटरवर आज कोणता पासवर्ड चालू आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. समजा, गेल्या महिन्यात घरातील कोणी राउटरचा पासवर्ड बदलला आणि आजीच्या फोनमध्ये नवा भरलाच नाही. तो फोन तेव्हापासून मोबाइल डेटावर चालतो आहे आणि आजीच्या ते ध्यानातही आलेले नाही. त्या फोनवरून काढलेला कोड नीट उघडेल, वाचताही येईल, पण त्यातील पासवर्ड कालबाह्य असेल. फोन आधी त्या वाय-फायला जोडलेला असावा, असे आरंभी म्हटले ते यासाठीच. पडद्याच्या वरच्या पट्टीत वाय-फायची खूण आहे आणि मोबाइल डेटा बंद करूनही एखादे पान उघडते, एवढे पाहिले की शंका उरत नाही.

काही नेटवर्कांच्या बाबतीत Share हा पर्यायच दिसत नाही. महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या वाय-फायला प्रत्येकाचे स्वतंत्र वापरकर्तानाव आणि स्वतंत्र पासवर्ड लागतो. अशी जोडणी कोडने देता येत नाही आणि ती दुसऱ्यास देणे अपेक्षितही नसते. हॉटेल किंवा रेल्वे स्थानकावरील खुल्या वाय-फायमध्ये जोडणीनंतर एक पान उघडून मोबाइल क्रमांक विचारला जातो. तेथे फोनमध्ये साठवलेला पासवर्डच नसतो, त्यामुळे पाहण्यासारखेही काही नसते.

फोनचे कुलूप हेच घराचे कुलूप

कोड दाखवण्यापूर्वी फोन ठसा किंवा पिन मागतो, तो पासवर्ड उघड्या अक्षरांत बाहेर येणार असतो म्हणून. परंतु फोनला स्क्रीन लॉकच लावलेले नसेल, तर मूळ अँड्रॉइडमध्ये ही विचारणा होत नाही आणि कोड थेट उघडतो. अनेक घरांतील वडीलधारी मंडळी सोयीसाठी फोन विनाकुलूप ठेवतात. असा फोन क्षणभर कोणाच्या हाती गेला, तर त्या घराच्या वाय-फायचा पासवर्ड मागे काही खूण न ठेवता बाहेर जाऊ शकतो. घरातील अशा फोनला निदान चार आकड्यांचा पिन लावून द्यावा.

स्क्रीनशॉटचेही तसेच आहे. काम झाल्यावर तो पुसावा आणि मग गॅलरीच्या कचरापेटीतूनही काढून टाकावा. गूगल फोटोज मध्ये बॅकअप झालेले चित्र पुसल्यानंतरही ६० दिवस कचरापेटीत राहते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोड पाठवण्याचा मोहही टाळावा. गटातून तो पुढे कोणाकडे जाईल यावर आपला ताबा राहत नाही, आणि एकदा दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. तो निकामी करण्याचा उपाय एकच, राउटरवर नवा पासवर्ड ठेवणे आणि मग घरातील प्रत्येक उपकरणात तो पुन्हा भरणे.

गोव्यात अनेक घरांच्या खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. पाहुण्यांच्या सोयीसाठी असा कोड छापून भिंतीवर लावायचा असेल, तर तो घरच्या मुख्य नेटवर्कचा नसावा. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क या नावाने दुसरे नेटवर्क वेगळ्या पासवर्डाने सुरू करता येते. त्याला फोन एकदा जोडून Share मधून त्याचाच कोड काढावा. हंगाम संपल्यावर तेवढाच पासवर्ड बदलून नवा कोड लावला की पुरे. घरातील लॅपटॉप, कॅमेरे आणि टीव्ही यांना त्याची झळ लागत नाही.