विधवेची खोली



आपल्याकडील जुन्या वाड्यांत एक खोली अशी असे, कीं दस्तऐवजांत तिचा उल्लेखही नसे. माजघरापलीकडली ती लहानशी खोली घरांतील एखाद्या विधवा काकूंची म्हणून सर्वांना ठाऊक असे. वाडा भावांच्या नांवावर. खोली मात्र काकूंची. वाडा विकला गेल्यास त्या खोलीचें काय होई, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मिताक्षरेप्रमाणें एकत्र कुटुंबांतील पुरुष निपुत्रिक वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या सहभागीदारांकडे जाई. त्याची विधवा वारस होत नसे. परंतु ज्यांच्याकडे तो हिस्सा जाई, त्यांच्यावर तिच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची जबाबदारी येई. मालकी नाहीं, पण हक्क आहे, अशी ही स्थिति होती. हा हक्क दिरावर कीं वाड्याच्या भिंतींवर, हा प्रश्न वाडा परक्याच्या हातीं जातांच उभा राही.

१८६९ सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टापुढें मंगलादेवीचा खटला आला. पतीच्या पश्चात् मालक झालेल्या पुत्रानें घर विकलें आणि खरेदीदारानें विधवेस बाहेर काढण्यासाठीं दावा लावला. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनीं ठरविलें, कीं पतीनें राहण्यासाठीं राखलेल्या घरांतून, दुसरा योग्य निवारा दिल्याशिवाय, पुत्रालाही तिला काढतां येत नाहीं. आणि जें पुत्राला करतां येत नाहीं, तें त्याच्याकडून घर घेणाऱ्यालाही करतां येत नाहीं.

येथें हक्क भिंतींना चिकटल्यासारखा दिसतो. परंतु १८७७ सालीं लक्ष्मण रामचंद्र जोशी विरुद्ध सत्यभामाबाई या खटल्यांत मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति वेस्ट यांनीं अन्नवस्त्राची मर्यादा दाखवून दिली. ती रक्कम हुकुमनाम्यानें किंवा करारानें ठरून मिळकतीवर बसविली जात नाहीं, तोंपर्यंत ती मिळकतीवरील बोजा होत नाहीं. कुटुंबाचें खरें ऋण फेडण्यासाठीं झालेल्या प्रामाणिक विक्रीआड ती येत नाहीं. १८८२ च्या मिळकत हस्तांतराच्या कायद्यांतही विधवेचा हक्क बुडविण्याचा हेतु होता व खरेदीदाराला तो माहीत होता, असें दाखवावें लागे. हेतु सिद्ध करणें किती कठीण, हें वकिलांना सांगावयास नको. १९२९ मध्यें ती अट गेली. हक्काची माहिती असणें एवढेंच पुरेसें झालें.

एक कल्पित उदाहरण घेऊं. दोघां भावांचा वाडा व शेती मिळून वार्षिक उत्पन्न ६०० रुपये. धाकटा निपुत्रिक वारला. मुंबईच्या न्यायालयांच्या मतें त्याच्या विधवेस फार तर पतीच्या हिश्शाचें उत्पन्न, म्हणजे वर्षाला ३०० रुपये, मिळत. त्याहून अधिक नाहीं. पुढें दिरानें वाडा विकला. विक्री कुटुंबाच्या खऱ्या कर्जासाठीं असेल, तर तिचा इलाज चालत नसे. दिराच्या स्वतःच्या चैनीसाठीं असेल, आणि ती त्या खोलीत राहत असेल, तर खरेदीदाराला माहिती नव्हती असें म्हणतां येत नसे. तिचें अंथरूण, तिची चूल, हीच त्याला मिळालेली सूचना.

येथेंच एक सूक्ष्म धोका होता. १८७३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें होतें, कीं दुराचरणाच्या हेतूवांचून सासर सोडून दुसरीकडे राहिल्यानें विधवेचें अन्नवस्त्र बुडत नाहीं. हक्क बुडत नसे, हें खरें; परंतु ती माहेरीं जाऊन खोली रिकामी झाली, कीं खरेदीदाराच्या डोळ्यांना दिसणारी तिची खूण नाहींशी होई. म्हणून जाणता सल्लागार तिला सांगे: आधीं हुकुमनामा घ्या, त्यांत रक्कम मिळकतीवर बसवून घ्या, आणि मगच माहेरची वाट धरा.

१९३७ च्या कायद्यानें एकत्र कुटुंबांतील विधवेस पतीचा हिस्सा मिळूं लागला, पण तो मर्यादित स्वरूपाचा. खरा बदल १९५६ मध्यें झाला. नेल्लोरच्या तुलसम्मांनीं १९४४ सालीं दिरावर अन्नवस्त्राचा दावा लावला होता आणि १९४९ च्या तडजोडींत त्यांना हयातीपुरती मिळकत मिळाली होती. त्यांनीं पुढें ती विकली, तेव्हां दिरानें हरकत घेतली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं अन्नवस्त्राच्या जुन्या हक्कापोटीं मिळालेली ती मिळकत १९५६ च्या वारसा कायद्यानें पूर्णपणें त्यांचीच झाली. मालकी नाहीं म्हणून जो हक्क दुबळा समजला जाई, त्याच्याच पोटांतून मालकी निघाली.

अन्नवस्त्राच्या व्याख्येंत निवाराही येतो, असें १९५६ च्याच दुसऱ्या कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे. कागदावर जिचें नांव नव्हतें, ती खोली अखेर कायद्याच्या पानावर आली.