हजार डॉलरचे विमान

श्रोतेहो, आज एका कोटेशनची गोष्ट सांगतो. खरेदीदार होते अमेरिकेचे लष्करी सिग्नल कोअर, आणि वस्तू होती उडणारे यंत्र. 23 डिसेंबर 1907 रोजी त्यांनी 486 क्रमांकाचे मागणीपत्रक काढले. अनेक वर्तमानपत्रांनी टीका केली, की बाजारात नसलेली वस्तू हे मागताहेत.

मी ते पत्रक वाचले तेव्हा मला नवल वाटले ते त्याच्या नेमकेपणाचे. 'वेगवान यंत्र हवे' असे त्यात नाही. दोन माणसे, मिळून वजन 350 पौंड; 125 मैलांना पुरेल इतके इंधन; सलग एक तास उड्डाण; आणि वेग ताशी 40 मैल. हा वेग मोजायचा कसा, हेही तिथेच लिहिले होते. पाच मैलांहून लांब अंतर एकदा वाऱ्याविरुद्ध आणि एकदा वाऱ्याबरोबर उडायचे आणि सरासरी काढायची. नाहीतर वाऱ्याच्या पाठबळावर कोणीही शेखी मिरवली असती! प्रत्येक जादा मैलाला दहा टक्के बक्षीस, प्रत्येक कमी मैलाला तेवढीच कपात, आणि 36 च्या खाली गेल्यास यंत्र परत. शिवाय किमतीच्या दहा टक्के अनामत.

41 प्रस्ताव आले, पण अनामतीसह नियमात बसले फक्त तीन. स्कॉट नावाच्या गृहस्थांनी 1,000 डॉलर मागितले, हेरिंग यांनी 20,000 आणि राइट बंधूंनी 25,000. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष उडून दाखवले होते, तेच सर्वांत महाग!

आता आली का पंचाईत? कागदावर तिघांनी एकच वस्तू कबूल केली होती. मग स्वस्त दर डावलून महागाला काम कसे द्यायचे? लष्कराने तिघांचेही प्रस्ताव स्वीकारले. पैसे चाचणी उतरल्यावरच द्यायचे होते, म्हणून हे जमले. स्कॉट यांनी लवकरच माघार घेतली. हेरिंग मुदती वाढवून घेत राहिले, पण चाचणीत उडेल असे यंत्र त्यांनी कधी दिलेच नाही. माझ्या मते अनामत ही इथली लंगडी बाजू. दहा टक्के किमतीवर धरल्याने सर्वांत अवास्तव दर देणाऱ्याला अवघे 100 डॉलर गुंतवावे लागले. तिघांना सारखीच ठरावीक रक्कम लावली असती, तर हजार डॉलरवाल्याने दोनदा विचार केला असता.

राइट यांचाही मार्ग सोपा नव्हता. 17 सप्टेंबर 1908 रोजी फोर्ट मायरला त्यांचे विमान कोसळले, लेफ्टनंट सेल्फ्रिज मृत्युमुखी पडले आणि ऑर्व्हिल जबर जखमी झाला. मुदत वाढवावी लागली.

30 जुलै 1909 रोजी ऑर्व्हिल पुन्हा उडाला. वाऱ्याविरुद्ध वेग भरला ताशी 37.7 मैल, परतताना 47.4, सरासरी साडेबेचाळीस. वाद घालायला कोणाला जागाच नव्हती. 40 च्या वर पूर्ण मैल दोन, म्हणून वीस टक्के जादा. राइट बंधूंना 25,000 ऐवजी 30,000 डॉलर मिळाले.