तेरा पाने, शंभर टोप्या आणि एकच उत्तर

फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी ‘त्रेझ’, म्हणजे ‘तेरा’, नावाचा पत्त्यांचा एक जुगार खेळला जाई. डाव वाटणारा पत्ते पिसून एकेक पान उलटायचा आणि त्याबरोबर ‘एक्का, दुर्री, तिर्री…’ असे राजापर्यंत पुकारत जायचा. पुकारलेले आणि उलटलेले पान जुळले की तो जिंकला. प्येर रेमों द मोंमोर याने १७०८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या जुगारविषयक ग्रंथात हा खेळ सोपा करून मांडला : एक ते तेरा अंकांची तेराच पाने घेतली, तर निदान एक पान जुळण्याची शक्यता किती?

पुढे पाठ्यपुस्तकांत पानांच्या जागी टोप्या आल्या. शंभर पाहुणे दारात टोप्या ठेवतात आणि निघताना त्या अंदाधुंद परत मिळतात. तर सरासरी किती जणांना स्वतःचीच टोपी मिळेल? मोंमोरचा प्रश्न शक्यतेचा होता, हा सरासरीचा आहे. दोन्ही एकाच घराण्यातले. पण गणिताचे पदवीशिक्षण नसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला जुन्या ग्रंथांत रस वाटतो तो यामुळे, की या भावंडांचे स्वभाव अगदी वेगळे निघतात.

मोंमोरचा प्रश्न अवघड आहे, कारण पाने एकमेकांत गुंतलेली असतात. पहिल्या जागी तिर्री आली, तर तिसऱ्या जागी ती येऊच शकत नाही. त्यामुळे एकेक जुळणी मोजायची, दोनदा मोजल्या गेलेल्या जोड्या वजा करायच्या, मग त्रिके पुन्हा मिळवायची, असे करत जावे लागते. १७०८च्या आवृत्तीत मोंमोरने उत्तर दिले, सिद्धता दिली नाही. ती १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत, निकोलास बर्नुलीच्या साहाय्याने आली. तेरा पानांत निदान एक जुळणी होण्याची शक्यता सुमारे ०.६३२ येते.

सरासरीला मात्र हा गुंता आडवा येत नाही. प्रत्येक पाहुण्यासमोर एक अंक लिहावा : स्वतःची टोपी मिळाली तर १, नाही तर ०. आजच्या गणितात यालाच दर्शक चल म्हणतात. या अंकांची बेरीज म्हणजेच योग्य टोपी मिळालेल्या पाहुण्यांची संख्या. आता कोणत्याही एका पाहुण्याकडे पाहा. त्याच्या हाती शंभरपैकी कोणतीही टोपी सारख्याच शक्यतेने येते. म्हणून त्याच्या अंकाची सरासरी १/१००. बेरजेची सरासरी ही सरासऱ्यांची बेरीज असते. यालाच अपेक्षेची रेषीयता म्हणतात. म्हणून उत्तर १०० × १/१०० = १. तेरा पाने असोत की हजार टोप्या, सरासरी एकच जुळणी.

इथे शंका येते : शेवटच्या पाहुण्याला तर उरलेलीच टोपी मिळणार, मग त्याची शक्यताही तेवढीच कशी? तीन टोप्यांवर पडताळून पाहू. क, ख, ग या पाहुण्यांना टोप्या सहा तऱ्हांनी मिळतात. कखग यात तीन जुळण्या. कगख, खकग, गखक यांत एकेक. खगक आणि गकख यांत एकही नाही. एकूण सहा जुळण्या, सहा तऱ्हा, म्हणजे सरासरी एक. शेवटच्या ‘ग’ला आपली टोपी कखग आणि खकग या दोनच तऱ्हांत मिळते, म्हणजे सहापैकी दोन, १/३. आधीच्यांच्या हाती काय गेले हे कळले की त्याची शक्यता बदलते. न कळता सर्व तऱ्हा धरल्या की ती पहिल्याइतकीच राहते.

गुंता विसरून शक्यताच गुणल्या तर काय होते, तेही याच उदाहरणात दिसते. ‘कोणालाच आपली टोपी नाही’ याची शक्यता २/३ × २/३ × २/३ = ८/२७ अशी येईल; खरी आहे ९/२७. गुणाकाराला स्वतंत्रपणा लागतो, बेरजेला लागत नाही.

पण बेरजेच्या या सोपेपणाची एक मर्यादाही आहे. समजा, दहा टोप्या एका गोल फिरत्या खांबावर क्रमाने टांगल्या, पाहुणे त्याच क्रमाने भोवती उभे राहिले आणि खांब गरकन फिरवला. तो दहापैकी कोणत्याही जागी सारख्याच शक्यतेने थांबेल. प्रत्येकाची शक्यता १/१०, म्हणून सरासरी पुन्हा एकच. तरी दहापैकी नऊ वेळा कोणालाच आपली टोपी मिळणार नाही आणि एकदा सगळ्यांना मिळेल. नेमकी एक जुळणी कधीच होणार नाही. टोप्या नीट मिसळल्या असत्या, तर रिकाम्या हाताची शक्यता सुमारे ०.३६८ असती. सरासरीला हा फरक दिसतच नाही.

म्हणून मोंमोरची ती लांबलचक बेरीज-वजाबाकी आजही निकामी ठरलेली नाही. सरासरी किती जुळतील हे दोन ओळींत कळते. पण डाव वाटणारा जिंकेल का, हे विचारायचे असेल तर पानांचा गुंता सोडवण्यावाचून गत्यंतर नाही.