अंगठ्याशेजारची ओळ

आजीला कुणी ‘अंगठेछाप’ म्हटलेलं खपायचं नाही. अडाणी म्हटलं तर हसायची, पण या शब्दाला उठून जायची. त्याचं कारण तिनं मला शाईचा पॅड हातात घेतल्यावरच सांगितलं.

२०१३ चा जानेवारी. तळोदा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांसाठी ग्रामसभा होती आणि समितीचा सचिव म्हणून हजेरी रजिस्टर माझ्याकडे होतं. मी बारावी झालेला, म्हणजे गावात शहाणा. आदल्या रात्री घरी बसून मतदार यादीवरून सगळी नावं आधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. सकाळी नावापुढे फक्त अंगठा घ्यायचा, काम सोपं.

मामा निवृत्त मास्तर. रजिस्टर पाहून म्हणाले, “हे हजेरीचं नाही, रेशनचं पुस्तक झालं. नाव आधी आणि माणूस नंतर, असं कधी करायचं नाही. माणूस समोर बसला की मगच त्याची ओळ सुरू करायची.”

मी ऐकलं नाही. कागद वाया जाईल, असं कारण दिलं.

आजी पॅडकडे बघत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे आजोबांनी एका दुष्काळात पोतंभर ज्वारी उसनी आणली आणि सावकाराच्या कागदावर अंगठा दिला. कागदात ज्वारी नव्हतीच, शेत होतं. पुढची कितीतरी वर्षं आजोबा त्याच शेतात सालदार होते. मग शहाद्याच्या बाजूला अंबरसिंग सुरतवंतींची माणसं गावोगाव फिरू लागली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. त्या कायद्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार धरले होते. आजोबांना तारीख कुठली माहीत? ‘मोठा निंब पडला ते साल’ एवढीच त्यांची नोंद. शेवटी तारीख निघाली ती सावकाराच्याच कागदावरून, त्याच अंगठ्याच्या वर लिहिलेली. जमीन नेमकी किती परत आली यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

“म्हणून म्हणते,” आजी म्हणाली, “अंगठ्याला तोंड नसतं. बाजूला जे लिहिलं तेच तो बोलतो.”

पुढे वाचताना कळलं, की ठशांच्या या खेळाची सुरुवातही धाकातूनच झाली. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराचा अख्खा पंजा करारावर उमटवून घेतला. पुढे ‘ही सही माझी नाही’ म्हणायची त्याची छाती होऊ नये, एवढाच हेतू. त्या मानानं आपले जुने महजर मला सभ्य वाटतात. न लिहिणारा पाटील तिथं नांगर काढायचा. निशाणी सांगायची की हा माणूस काय करतो.

सभेच्या दिवशी मामांनी सूत्रं हातात घेतली. माणूस पुढे आला की त्याचं नाव मोठ्यानं, मग ठराव कशाचा आहे ते भिलीत, मग अंगठा. पॅडवर अंगठा दाबायचा नाही, टेकवायचा. शाई जास्त झाली की रेषांमधल्या खाचा भरतात आणि कागदावर जांभळा डाग उरतो. असा डाग कुणाचाही असू शकतो. कागदावर हलकेच ठेवून सरळ वर उचलायचा, सरकवला की रेषा फिसकटतात. ज्यांच्या बोटांच्या रेषा दगड-मातीनं झिजल्यात त्यांचा हात आधी ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करायचा. ठशाखाली मी लिहायचं, ‘अमुक यांची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा’, आणि शेजारी ओळखणाऱ्यानं ‘समक्ष’ लिहून सही करायची.

“बायकांचा उजवा घ्या,” पोलीसपाटील म्हणाले. “नाहीतर रद्द होतं.”

“रीत आहे तशी कार्यालयांची,” मामा म्हणाले. “रद्द काही होत नाही. कुठला हात ते लिहिलं पाहिजे, बस.”

एका म्हाताऱ्याला वेगळीच चिंता होती. “आधारच्या मशीनमध्ये माझा अंगठा लागत नाही. मग मी इथं हजर धरला जाईन ना?” मामांनी त्याच्या नावापुढे दोन सह्या घेतल्या. मशीन रेषा ओळखतं, इथं माणूस ओळखणारा बसलेला असतो. म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. मशीनचं काय करायचं, हे तो शेवटपर्यंत विचारत राहिला.

दुपारी मोजलं तर १२६. पाड्यावर प्रौढ माणसं २४०, निम्मी म्हणजे १२० पुरेत. मी खूश. मामा पानं उलटत ५८ व्या ओळीवर थांबले, मग मागं ३१ वर गेले. दोन्ही ठशांमधून तिरकी पांढरी रेघ गेली होती. उसाच्या कोयत्यानं कापलेला अंगठा असला की जखमेच्या जागी शाई लागत नाही, रेघ कोरी राहते. अशी रेघ दोन माणसांची हुबेहूब असत नाही. ३१ वर धाकटा भाऊ होता. ५८ वर मोठा, जो दिवाळीनंतरच बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. त्याचं नाव मी रात्रीच लिहून ठेवलेलं. कोऱ्या चौकटीनं धाकट्याला बोलावलं आणि त्यानं अंगठा लावला. वाईट हेतू नव्हता. भावाचा दावा बुडू नये, एवढंच.

मामांनी ओळ खोडली. खाडाखोड न करता एकच आडवी रेघ, शेजारी कारण आणि आम्हा दोघांच्या सह्या. उरले १२५.

मग बायका मोजल्या तर ३७. हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका हव्यात, म्हणजे ४२. “पाच आणा,” मी म्हणालो. मामा हसले. “पाच आल्या की एकूणही पाचनं वाढतील. सात लागतील. ३७ आणि ७, ४४. १२५ आणि ७, १३२. त्याचा तिसरा हिस्सा बरोबर ४४.” मी कागदावर करून पाहिलं, ते बरोबर निघालं. आजी नदीवर गेली आणि ओल्या लुगड्यांसकट सात बायका घेऊन आली. सर्वांत शेवटी ती स्वतः बसली. म्हणजे आठ, आणि १३३ जणांत ४५ बायका. तिनं ठराव दोनदा वाचून घेतला. अंगठा ठेवण्याआधी विचारलं, “बाजूला काय लिहिणार?”

मोठा भाऊ होळीला परत आला. रजिस्टरमध्ये आपलं नाव खोडलेलं पाहून भडकला. नियमात दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत असं आहे. मग माझा भाऊ प्रतिनिधी म्हणून का चालला नाही, हा त्याचा प्रश्न. मी सांगितलं, की चालला असता. पण त्यानं स्वतःच्याच नावाच्या ओळीत ‘भावातर्फे’ लिहवून घ्यायला हवं होतं, तुझ्या ओळीत तुझा अंगठा म्हणून नाही.

“लिहिणारा तूच होतास ना?” तो म्हणाला.

ती दोन पानं मी अजून तशीच ठेवली आहेत. ५८ व्या ओळीतला ठसा रेघेखाली स्वच्छ दिसतो, पांढऱ्या चिरेसकट.